शाळेच्या क्रीडा प्रबोधिनीसाठी फिजिओचा अर्ज : पत्रात एक तरी मूल दिसायला हवं



औपचारिक पत्र आपण वर्गात दरवर्षी शिकवतो. प्रति, विषय, महोदय, मजकूर, आपला विश्वासू. मुलं ते पाठ करतात आणि गुणही मिळवतात. पण तीच मुलं मोठी होऊन नोकरीचा अर्ज लिहायला बसतात, तेव्हा साचा बरोबर असतो आणि आत काही नसतं. हे आज एका विशिष्ट अर्जाच्या निमित्ताने लिहीत आहे. पत्र आहे एका क्रीडा फिजिओथेरपिस्टचं, आणि ज्या पदासाठी आहे ते शाळेच्या क्रीडा प्रबोधिनीतलं.

अलीकडे बऱ्याच शाळा, विशेषतः निवासी शाळा, स्वतःची क्रीडा प्रबोधिनी चालवतात. कबड्डी, खो-खो, अॅथलेटिक्स, कुठे कुस्ती. तिथे प्रशिक्षक असतो. आता फिजिओही घ्यायला लागलेत, कधी पूर्ण वेळ, कधी आठवड्यातून दोन-तीन दिवस. त्याची निवड करणाऱ्या समितीत मुख्याध्यापक, क्रीडाशिक्षक आणि एखादा आपल्यासारखा शिक्षक बसतो. यांच्यापैकी कुणीच वैद्यकीय शिक्षण घेतलेलं नसतं. म्हणून पत्रातून माणूस ओळखणं अवघड जातं, आणि ज्याच्या पत्रात मोठ्या संघांची नावं जास्त त्याला आपण झुकतं माप देतो. माझं मत असं आहे की हा निकष चुकीचा आहे. शाळेसाठीच्या फिजिओच्या पत्रात एक मूल दिसलं पाहिजे. त्या मुलाचं वय, त्याची वाढ, त्याचं दुखणं आणि त्यावर या माणसाने नेमकं काय केलं, हे त्यात हवं.

माझा मावसभाऊ क्रीडा फिजिओ आहे. त्याने असाच एक अर्ज लिहिला आणि "ताई, शुद्धलेखन तेवढं बघ" म्हणून मला पाठवला. शुद्धलेखन ठीकच होतं. पहिल्या मसुद्यात त्याने पदव्या लिहिल्या होत्या, कुठल्या वरिष्ठ गटाच्या संघाबरोबर दौरा केला ते लिहिलं होतं, हाताळता येणाऱ्या यंत्रांची यादी दिली होती, आणि शेवटी "खेळाडूंना दुखापतमुक्त ठेवून पदके मिळवून देण्यास कटिबद्ध आहे" असं वाक्य होतं. मी त्याला म्हटलं, "अरे, हे पत्र तू कुठल्याही व्यावसायिक संघाला पाठवू शकशील. यात शाळा कुठे आहे?" तो हसला, म्हणाला, "मुलांचं काम तर मी रोज करतो, पण ते पत्रात लिहितात का?" मी म्हटलं, तेच लिही.

त्याचा दुसरा मसुदा, त्याच्या परवानगीने, नावं-ठिकाणं काढून खाली देत आहे.

*

प्रति,
मा. मुख्याध्यापक तथा अध्यक्ष, निवड समिती,
क्रीडा प्रबोधिनी विभाग.

विषय : क्रीडा फिजिओथेरपिस्ट या पदासाठी अर्ज.

महोदय,

आपल्या प्रबोधिनीतील क्रीडा फिजिओथेरपिस्ट या पदासाठी मी अर्ज करीत आहे. माझे बी.पी.टी. व क्रीडा विषयातील एम.पी.टी. पूर्ण झाले असून महाराष्ट्र राज्याच्या ऑक्युपेशनल थेरपी व फिजिओथेरपी परिषदेकडे माझी नोंदणी आहे. नोंदणी क्रमांक व इतर तपशील सोबतच्या बायोडाटात आहेत. या पत्रात मी मुलांबरोबर काम कसे करतो, ते एका उदाहरणाने सांगतो.

माझ्याकडे 13 वर्षांचा एक खो-खो खेळाडू आला होता. (पालकांच्या परवानगीने लिहीत आहे.) दोन महिन्यांपासून गुडघे दुखत होते, उजवा जास्त. वाटीच्या खाली नडगीच्या वरच्या टोकाला टेंगूळ होते आणि तिथेच दाबल्यावर दुखत होते. चौकात उकिडवे बसताना, खो मिळताच उठताना आणि जिना चढताना त्रास वाढत होता. रात्री दुखत नव्हते, ताप नव्हता, सांध्यात पाणी नव्हते. दोन्ही खुब्यांची हालचाल पूर्ण आणि सारखी होती. शाळेच्या नोंदीनुसार पाच महिन्यांपूर्वी त्याची उंची 148 सेंटिमीटर होती. मी मोजली तेव्हा 152 भरली. प्रशिक्षकांसोबत बसून त्याच्या एका आठवड्याचा सराव लिहून काढला : सहा दिवस रोज दोन तास, रविवारी सामने, शिवाय शाळेचे पी.टी.चे तास. एकूण 15 तासांच्या वर.

मी त्याचा खेळ बंद केला नाही. पहिले चार आठवडे खांबावरचे सूर आणि उड्या थांबवल्या, सरावात चौकात बसण्याऐवजी उभे राहायला सांगितले, सरळ रेषेत हलके धावणे चालू ठेवले. मांडीचा स्नायू ताठ धरून ठेवण्याचा व्यायाम रोज घरी. पुढचे चार आठवडे भिंतीला पाठ लावून अर्धे बसणे, पाठीवर झोपून कंबर उचलणे आणि निम्म्या वेगाने दिशा बदलणे. शेवटच्या चार आठवड्यांत बसून उठणे, मग उड्या, मग सूर. नियम एकच होता : दुखणे दहापैकी दोनपर्यंत चालेल, पण दुसऱ्या दिवशी सकाळी ते नेहमीइतके उतरले पाहिजे. नाही उतरले तर त्या दिवसाचा सराव कमी. बाराव्या आठवड्यानंतर तो पूर्ण सामना खेळला. पुढे एका स्पर्धेत दोन दिवसांत तीन सामने झाल्यावर पुन्हा थोडे दुखले. त्याने तोच नियम वापरून आठवडाभर सराव कमी केला आणि माझ्याकडे यावे लागले नाही. टेंगूळ अजून आहे. ते राहू शकते, हे मी त्याच्या आईला पहिल्याच दिवशी सांगितले होते.

आपल्या प्रबोधिनीत पहिल्या सत्रात मी तीन गोष्टी सुरू करीन. प्रत्येक मुलाची उंची व वजन दर तीन महिन्यांनी, सकाळी. प्रत्येक मुलाच्या आठवड्याच्या सरावाची एका पानाची नोंद, प्रशिक्षकांसोबत. आणि सरावाआधीचा 15 मिनिटांचा ठरलेला वॉर्म-अप, क्रीडाशिक्षकांच्या हाती सोपवता येईल असा.

काही गोष्टी मी करणार नाही. औषधे देणार नाही. रात्री दुखत असेल, सूज किंवा ताप असेल, मूल लंगडत असेल, तर त्याच्यावर उपचार करीत न बसता डॉक्टरांकडे पाठवीन. डोक्याला मार लागलेल्या मुलाला त्या दिवशी पुन्हा मैदानात जाऊ देणार नाही. बंद खोलीत एकट्या मुलावर उपचार करणार नाही.

शाळेकडून माझी अपेक्षा : बाहेरून दिसेल अशी खोली, मुलींच्या तपासणीच्या वेळी एक शिक्षिका, पालकांची लेखी संमती, गरज पडल्यास पाठवता येईल असे एक ठरलेले रुग्णालय. आणि दुखापतीमुळे "आज खेळायचे नाही" असा निर्णय झाला, तर तो मैदानावर कुणी बदलू नये.

आपला विश्वासू,
(सही)

*

हे पत्र मोठं आहे, मान्य. छापलं तर दीड पानाचं होईल. पण ते मला पहिल्यापेक्षा कितीतरी चांगलं का वाटतं, ते तीन जागांवर बोट ठेवून सांगते. त्यासाठी मी त्याला बरंच विचारलं आणि त्याने समजावूनही सांगितलं.

पहिली जागा : उंची

फिजिओच्या पत्रात उंचीचे आकडे कशाला? कारण मुलाचं हाड म्हणजे मोठ्या माणसाच्या हाडाची छोटी प्रत नव्हे. वाढत्या हाडाच्या टोकांजवळ कूर्चेची, म्हणजे मऊ हाडाची, एक पट्टी असते. हाड तिथून लांब होतं. जिथे मोठे स्नायू हाडाला जोडलेले असतात, तिथेही अशी मऊ जागा असते. मांडीचा मोठा स्नायू गुडघ्याच्या वाटीवरून खाली येऊन नडगीच्या वरच्या टोकाला जोडलेला असतो. उडी मारली, अचानक थांबलो, उकिडवं बसून झटकन उठलो, की तो स्नायू त्या जागेला ओढतो. मोठ्या माणसात ती जागा पक्क्या हाडाची झालेली असते. 12-13 वर्षांच्या मुलात ती अजून मऊ असते, म्हणून तीच जागा दुखावते आणि तिथे टेंगूळ येतं. या दुखण्याला ऑसगुड-श्लाटर म्हणतात. 1903 मध्ये अमेरिकेतले ऑसगुड आणि स्वित्झर्लंडमधले श्लाटर यांनी स्वतंत्रपणे त्याचं वर्णन केलं. टाचेचं असंच दुखणं असतं, त्याला सेव्हरचं नाव आहे.

हे दुखणं सहसा उंची झपाट्याने वाढते त्या काळात येतं. मुलींमध्ये तो काळ साधारण 12 वर्षांच्या आसपास आणि मुलांमध्ये 14 च्या आसपास, पण यात मुलामुलांत दोन-दोन वर्षांचा फरक पडतो. म्हणून 14 वर्षांखालच्या एकाच संघात एकाची वाढ नुकतीच सुरू झालेली असते आणि दुसऱ्याची बरीचशी झालेली असते. वयाचा दाखला दोघांचा सारखाच. पत्रातला मुलगा पाच महिन्यांत 4 सेंटिमीटर वाढला, म्हणजे वर्षाला साडेनऊच्या वेगाने. हा आकडा सांगतो की त्याचं शरीर सर्वांत वेगाने वाढण्याच्या काळात आहे. त्याच वेळी त्याचा सराव आठवड्याला 15 तासांच्या वर. मुलांच्या क्रीडावैद्यकात एक ढोबळ नियम वापरतात : आठवड्याचे सरावाचे तास मुलाच्या वयाच्या वर्षांपेक्षा जास्त नसावेत. 13 वर्षांचं मूल, तर साधारण 13 तास. पत्र लिहिणाऱ्याने हा नियम लिहिला नाही, पण तास मोजले. मोजणारा माणूस मला हवा आहे.

आता मोजमापाची एक बारीक गोष्ट. त्याने "दर तीन महिन्यांनी" लिहिलं, दर महिन्याला नाही. मी विचारलं, दर महिन्याला घेतली तर जास्त चांगलं नाही का? तो म्हणाला, "ताई, भर वाढीतलं मूलसुद्धा महिन्याला पाऊण सेंटिमीटर वाढतं. भिंतीवरच्या पट्टीने मोजताना अर्ध्या सेंटिमीटरची चूक सहज होते. मग वाढ किती आणि चूक किती, हे कळणारच नाही." आणि सकाळीच का? तर दिवसभर उभं राहून-बसून मणक्यांमधल्या चकत्या दबतात आणि संध्याकाळी उंची सेंटिमीटरभर कमी भरू शकते. एकदा सकाळी आणि पुढच्या खेपेला संध्याकाळी मोजलं, तर वाढ खोटीच कमी दिसेल. शाळेत आपण आरोग्यपत्रकावर उंची लिहितोच. ती एकाच वेळी, बूट काढून, नीट लिहिली तर अशा माणसाला तिचा केवढा उपयोग होतो, हे मला या पत्रातून समजलं.

दुसरी जागा : "खुब्यांची हालचाल पूर्ण आणि सारखी"

हे वाक्य समितीतला कुणीही वाचून पुढे जाईल. दुखतोय गुडघा, आणि हा खुबा कशाला बघतोय? मला तर वाटतं सगळ्या पत्रात हेच वाक्य सर्वांत महत्त्वाचं आहे.

साधारण 10 ते 16 या वयात काही मुलांच्या मांडीच्या हाडाचा वरचा गोळा वाढीच्या पट्टीवरून हळूहळू घसरतो. आजार खुब्याचा, पण मूल गुडघ्यावर हात ठेवून "इथे दुखतंय" म्हणतं. खुबा आणि गुडघा यांच्या नसा काही अंशी एकच असल्याने असं होतं. गुडघा तपासला तर ठीक, गुडघ्याचा एक्स-रे काढला तर तोही ठीक. मग मलम, पट्टा, चार दिवस विश्रांती, पुन्हा मैदान. दरम्यान गोळा आणखी घसरतो. ओळखायचं कसं? मूल लंगडतं, त्या बाजूचं पाऊल चालताना बाहेर वळलेलं असतं, आणि पाठीवर झोपवून गुडघा-खुबा वाकवून पाय आतल्या बाजूला वळवायला गेलं तर वळत नाही किंवा दुखतं. ही तपासणी दोन मिनिटांची आहे. शंका आली की मुलाला त्या पायावर चालू द्यायचं नाही, त्याच दिवशी हाडांच्या डॉक्टरांकडे न्यायचं. उपाय बहुधा शस्त्रक्रियेचा, स्क्रू बसवून गोळा स्थिर करण्याचा असतो. उशीर झाला तर खुबा कायमचा खराब होऊ शकतो.

म्हणजे एका बाजूला ऑसगुड-श्लाटर, ज्यात खेळ कमी-जास्त करत चालू ठेवता येतो. दुसऱ्या बाजूला हा खुब्याचा आजार, ज्यात एक पाऊलही टाकू द्यायचं नाही. मुलाच्या तोंडचं वाक्य मात्र एकच : "सर, गुडघा दुखतोय." या दोन्हींतला फरक ज्याला कळतो आणि जो पत्रात तो तपासल्याचं लिहितो, त्याच्या हाती मूल सोपवायला हरकत नाही. यंत्रांच्या यादीतून हे कळलं नसतं.

डोक्याच्या माराचंही तसंच. कबड्डीत पकडीच्या वेळी डोकं जमिनीवर किंवा कुणाच्या गुडघ्यावर आपटतं. मूल बेशुद्ध पडलं नाही, उठून उभं राहिलं, म्हणजे ठीक आहे, असं आपण समजतो. पण मेंदूला धक्का बसायला बेशुद्ध पडावंच लागतं असं नाही. गोंधळल्यासारखं बोलणं, डोकं दुखणं, मळमळ, तोल जाणं, तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारणं, हीसुद्धा लक्षणं आहेत. संशय आला तरी त्या दिवशी खेळ नाही, हा नियम जगभर मान्य आहे. आणि परत येतानाही मूल आधी वर्गात नीट बसू शकलं पाहिजे, मग मैदान. इथे वर्गशिक्षकाचं काम येतं. फळ्यावरचं वाचताना डोकं दुखतं का, हे आपल्यालाच आधी दिसतं.

तिसरी जागा : खोली आणि निर्णय

पत्राच्या शेवटच्या अपेक्षा वाचून एक सहकारी म्हणाले, "नोकरी मागतोय की अटी घालतोय?" मला त्या अटी वाटत नाहीत. फिजिओचं काम हात लावून करायचं असतं. मांडी, कंबर, खांदा. मूल अर्ध्या कपड्यात असतं आणि मोठ्या माणसाला "नको" म्हणायचं धाडस त्याला होत नाही. उघडी खोली, दुसरं माणूस, पालकांची संमती, यात मुलाचं रक्षण आहे आणि प्रामाणिक फिजिओचंही. 2012 च्या पॉक्सो कायद्यानुसार लैंगिक गुन्ह्याची माहिती मिळालेल्या प्रत्येकावर ती पोलिसांना कळवण्याचं बंधन आहे, त्यात शाळाही आली. ती वेळच येऊ नये अशी व्यवस्था जो स्वतःहून मागतो, तो मला जास्त विश्वासाचा वाटतो.

आणि "आज खेळायचे नाही" हा निर्णय. खरी ओढाताण इथेच असते. उद्या जिल्ह्याची अंतिम लढत, संघातला सर्वांत चपळ मुलगा लंगडतोय. प्रशिक्षक म्हणतात टेप लावा. पालक म्हणतात, साहेब, एवढी एक मॅच. मूल स्वतः म्हणतं, मला काहीच होत नाहीये. अशा वेळी फिजिओ पगारी नोकर, आणि त्याच्यावर सगळे मोठे. नेमणुकीच्या वेळीच हा अधिकार लिहून घेतला नसेल, तर त्या दिवशी तो मिळत नाही. पत्रात लिहिलं म्हणजे निदान मुलाखतीत त्यावर बोलणं होतं.

आता एक आक्षेप, जो रास्त आहे. एकच यशस्वी उदाहरण लिहून कुणीही समितीला प्रभावित करू शकतं. खरं आहे. पण खोटं उदाहरण आणि खरं उदाहरण यांत फरक दिसतो. खऱ्यात काहीतरी उरलेलं असतं. इथे टेंगूळ उरलं, स्पर्धेनंतर पुन्हा दुखलं. "पूर्ण बरा केला, दुखापतमुक्त केला" असं लिहिणाऱ्याला मी दोनदा प्रश्न विचारेन, कारण वाढत्या वयातली काही दुखणी वाढ पूर्ण झाल्यावरच मिटतात. तोपर्यंत ती सांभाळायची असतात. जो शंभर टक्के हमी देतो, त्याने एकतर मुलं पाहिलेली नाहीत, किंवा तो आपल्याला बरं वाटावं म्हणून लिहितोय.

म्हणून निवड समितीवर बसणाऱ्या शिक्षकांना माझं सांगणं एवढंच. बायोडाटातून नोंदणी क्रमांक तपासून घ्या, ते आधी. मग पत्रात मूल शोधा. नसेल तर मुलाखतीत विचारा : "13 वर्षांचं मूल गुडघा दुखतो म्हणून आलं, तर पहिल्या दहा मिनिटांत तुम्ही काय कराल?" उत्तरात उंची, आठवड्याचा सराव, रात्रीचं दुखणं आणि खुबा हे आले, तर माणूस मुलांबरोबर काम केलेला आहे. उत्तर यंत्रापासून सुरू झालं, तर तो मोठ्यांच्या संघात कितीही नावाजलेला असो, आपल्या मुलांसाठी आणखी एक अर्ज वाचून बघा.